एका कागदावरचा शोक : परदेशी भागीदाराला पाठवलेले दोन भाषांतील सांत्वनपत्र

मराठी कार्यालयीन व्यवहारात मृत्यूनंतर लिहिल्या जाणाऱ्या मजकुराचे तीन प्रकार दिसतात आणि त्यांची गल्लत झाली की पत्र बिघडते. दुखवट्याचा ठराव हा सभेच्या इतिवृत्तासाठी असतो, त्यात संस्थेने आपली भावना स्वतःच्याच दप्तरी नोंदवलेली असते. वर्तमानपत्रातील श्रद्धांजलीची जाहिरात समाजाने वाचावी म्हणून दिलेली असते, आणि तिच्यात गेलेल्या माणसाइतकेच जाहिरात देणाऱ्याचेही नाव ठळक असते. सांत्वनपत्र मात्र ज्याच्या घरातले माणूस गेले आहे त्या जिवंत व्यक्तीच्या हाती पडायचे असते, त्यामुळे त्यातील प्रत्येक वाक्य त्या व्यक्तीच्या नजरेने तपासावे लागते. इंग्रजीत या पत्रासाठी वापरला जाणारा ‘कंडोलन्स’ हा शब्द ‘सोबत दुःख करणे’ अशा अर्थाच्या लॅटिन शब्दापासून आलेला आहे, आणि मराठीतील ‘सहवेदना’ हा शब्द नेमके तेच सांगतो. पत्र दोन भाषांत लिहायचे असले आणि ते वाचणारा तिसऱ्याच भाषेचा असला, तर ही सोबत शब्दांतून कशी पोहोचवायची, हा प्रश्न पुण्याजवळच्या भोसरी औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यापुढे उभा राहिला. त्या पत्राचा प्रवास येथे मांडला आहे.

हा कारखाना पत्र्याचे सुटे भाग प्रेसवर कापून आणि वाकवून देणारा आहे. जपानमधील एका कौटुंबिक मालकीच्या कंपनीशी त्याची अनेक वर्षांची तांत्रिक भागीदारी होती. साच्यांचे आराखडे तिकडून येत, उत्पादन इकडे होई आणि दोन्हीकडचा पत्रव्यवहार इंग्रजीत चाले. त्या कंपनीचे संस्थापक वार्धक्याने वारले. भोसरीच्या कार्यालयात परदेशी पत्रव्यवहार सांभाळणाऱ्या अधिकारी बाईंकडे सांत्वनपत्राचा मसुदा करण्याचे काम आले, आणि त्याच दिवशी प्रेसशॉपमधील जुन्या कामगारांनी निरोप पाठवला की आपल्याकडून जाणारे पत्र मराठीतही असावे, कारण संस्थापकांनी ज्यांना हाताला धरून शिकवले होते त्यांपैकी कोणीही त्यांच्याशी इंग्रजीत बोललेले नव्हते. मराठी मजकुराची मागणी अशी कामाच्या जागेवरून आली होती, आणि पुढचे सगळे निर्णय याच गोष्टीने ठरवले.

जपानी कंपनीकडून आलेल्या निधनवार्तेला तिकडे ‘फुहो’ म्हणतात. तिच्यात मृत व्यक्तीचे नाव, पद, निधनाची तारीख, अंत्यविधीचा तपशील आणि मुख्य शोककर्त्याचे, म्हणजे विधी पार पाडणाऱ्या कुटुंबीयाचे, नाव असते. या सूचनेत दोन वाक्ये अशी होती की ती नीट वाचली नसती तर पुढचे सारे चुकले असते. पहिल्या वाक्यात सांगितले होते की अंत्यविधी केवळ कुटुंबीयांच्या उपस्थितीत उरकला असून कंपनीच्या वतीने निरोपसभा नंतर होईल. दुसऱ्या वाक्यात फुले आणि ‘कोदेन’ नम्रपणे नाकारले होते. कोदेन म्हणजे शोकाच्या प्रसंगी पाकिटात घालून दिली जाणारी रक्कम. महाराष्ट्रात मोठा हार किंवा पुष्पचक्र पाठवणे हा आदर समजला जातो, आणि कार्यालयाने तशी चौकशीही सुरू केली होती. परंतु कुटुंबाने नको म्हटलेली वस्तू पाठवणे म्हणजे ती स्वीकारण्याचा, नोंदवण्याचा आणि परतफेड करण्याचा भार दुःखातल्या माणसांवर टाकणे होय, हे ध्यानात आल्यावर फुलांचा विचार सोडला गेला आणि पत्र तेवढे राहिले.

आधी घरचा खासगी विधी आणि मग कंपनीचा सार्वजनिक विधी ही विभागणी जपानी उद्योगजगतात रूढ आहे. कंपनीने यजमान होऊन केलेल्या अंत्यसंस्काराला ‘शासो’ असे नाव आहे, आणि संस्थापकाच्या बाबतीत तो अनेकदा मोठ्या प्रमाणावर होतो. त्याला अपवादही असतात. होंडा कंपनीचे संस्थापक सोइचिरो होंडा 1991 च्या ऑगस्टमध्ये वारले, तेव्हा मोटारी बनवणाऱ्या माणसाच्या अंत्ययात्रेने रस्ते अडू नयेत, अशा त्यांच्या इच्छेला मान देऊन कंपनीने शासो केला नाही; त्याऐवजी आभाराच्या सभा घेतल्या. त्याआधी सात वर्षे, 1984 मध्ये, पुण्याच्या कायनेटिक समूहाने होंडाशी भागीदारी केली होती, त्यामुळे या प्रसंगाची आठवण पुण्यातील जुन्या उद्योजकांना सांगावी लागत नाही. सांत्वनपत्र लिहिणाऱ्याने यातून घ्यायचा बोध इतकाच की विधीचे स्वरूप गृहीत धरता येत नाही, ते सूचनेतून वाचावे लागते, आणि पत्र कुटुंबाला लिहायचे की कंपनीला हेही त्यावरूनच ठरते. या प्रसंगी संस्थापकांचे चिरंजीवच कंपनीचे अध्यक्ष होते, तरीही पत्र अध्यक्ष म्हणून त्यांच्या नावे काढून मजकुरात कुटुंबाचा स्वतंत्र उल्लेख करावा, असे ठरले.

जपानची वेळ भारतापेक्षा साडेतीन तासांनी पुढे आहे. भोसरीत संध्याकाळी सहा वाजता सही झालेला मजकूर तिकडे रात्री साडेनऊला पोहोचतो आणि दुसऱ्या दिवशी वाचला जातो. म्हणून पत्राची वाट न पाहता सूचना मिळाली त्याच सकाळी चार वाक्यांचा ईमेल पाठवण्यात आला: वार्ता मिळाली, आम्हाला अतीव दुःख झाले आहे, आमचे पत्र मागाहून येत आहे, आणि या दिवसांत आमच्याकडील कोणत्याही कामासाठी उत्तराची घाई करू नये. असा ईमेल करताना एक बारीक गोष्ट हमखास विसरली जाते. कार्यालयाच्या प्रत्येक ईमेलखाली आपोआप जोडली जाणारी स्वाक्षरी असते, आणि त्या आठवड्यात तिच्यात एका औद्योगिक प्रदर्शनातील दालनाला भेट देण्याचे रंगीत निमंत्रण होते. बाईंनी पाठवण्यापूर्वी तो मसुदा स्वतःच्याच पत्त्यावर पाठवून पाहिला, म्हणून ते निमंत्रण दिसले आणि काढता आले.

खरे काम पत्राचे होते, आणि त्याला पहिली मर्यादा कागदाने घातली. जपानी रिवाजात शोकपत्र एकाच कागदावर लिहितात, कारण दुसरा कागद जोडणे म्हणजे दुःखाची पुनरावृत्ती सुचवणे मानले जाते; त्याच कारणाने अस्तर लावलेला दुपदरी लिफाफा टाळतात आणि पत्राखाली ताजा कलमही लिहीत नाहीत. एरवी जपानी पत्राच्या आरंभी ऋतूचा उल्लेख करणारे अभिवादन असते, तेही शोकपत्रात गाळून थेट निधनाच्या उल्लेखाने सुरुवात केली जाते. परदेशी माणसाने हे सारे नियम पाळलेच पाहिजेत अशी अपेक्षा कोणी धरत नाही, आणि ते मोडल्याबद्दल रागही धरत नाही. परंतु येथे एक अडचण होती: कार्यालयाच्या मूळ कल्पनेप्रमाणे इंग्रजी पत्र एका कागदावर आणि मराठी पत्र दुसऱ्यावर जाणार होते. ज्या घरात दोन कागद अशुभ मानतात तेथे केवळ भाषा दोन आहेत म्हणून दोन कागद पाठवणे कामगारांनाही पटले नसते. म्हणून एकाच पानावर वर इंग्रजी आणि खाली मराठी अशी मांडणी ठरली, आणि सहीसाठी जागा सोडल्यावर प्रत्येक भाषेच्या वाट्याला साधारण ऐंशी-नव्वद शब्द आले. या टंचाईने पत्राचे भले केले, कारण ज्यात काही सांगितलेले नाही अशा वाक्यांना जागाच उरली नाही.

मराठीचा पहिला मसुदा कार्यालयातील जुन्या नमुन्यावरून तयार झाला होता. त्यात नावाआधी ‘कै.’ होते आणि शेवटी ‘ईश्वर मृतात्म्यास सद्गती देवो’ हे ठरलेले वाक्य होते. तो वाचून दाखवण्यासाठी बाई प्रेसशॉपमध्ये गेल्या, तेव्हा निवृत्तीला आलेल्या एका फिटरने विचारले, “मॅडम, ते तर बुद्धाला मानणारे होते, मग कैलासवासी कसे?” या एका प्रश्नाने मराठी शोकभाषेची सगळी रचना समोर आली. ‘कै.’ हे ‘कैलासवासी’ या शब्दाचे लघुरूप आहे आणि त्याचा अर्थ शिवाच्या लोकी गेलेला असा होतो. ‘वैकुंठवासी’ हा शब्द विष्णूच्या लोकाकडे बोट दाखवतो. मराठीभाषक मुसलमानांसाठी ‘पैगंबरवासी’ आणि ख्रिस्ती मंडळींसाठी ‘ख्रिस्तवासी’ असे लिहिण्याची पद्धत आहे. महाराष्ट्रातील बौद्ध समाजात ‘कालकथित’ हा शब्द रूढ झाला आहे आणि त्या समाजात मृत्यूनंतरच्या कार्यक्रमाला पुण्यानुमोदन म्हणतात. मराठीत मेलेल्या माणसाच्या नावाआधी एखादा शब्द जोडला की तो माणूस कोठे गेला याविषयी एक श्रद्धाही जोडली जाते, आणि लिहिणाऱ्याच्या हाताला इतकी सवय झालेली असते की आपण असे काही विधान करतो आहोत हे त्याला जाणवतही नाही.

फिटरकाका स्वतः बौद्ध होते आणि ‘कालकथित’ लिहावे असे त्यांना वाटत होते. बाईंनी त्यावर विचार केला. कारखान्याच्या दुभाष्याने जपानमधील सहकाऱ्याला हळूच विचारून सांगितले होते की संस्थापकांचे घराणे बौद्ध धर्मातील जोदो शिन्शू या पंथाचे आहे. या पंथाच्या शिकवणीप्रमाणे श्रद्धावान माणूस मरणानंतर लगेच बुद्धाच्या शुद्ध भूमीत जन्म घेतो, म्हणून मृताच्या परलोकातील सुखासाठी प्रार्थना करणारा ‘मेइफुकु’ हा जपानी शोकसंदेशांतील अतिपरिचित शब्दही त्या पंथाचे लोक टाळतात. जेथे जपानी बौद्धांमध्येच एक शब्द एका पंथाला चालतो आणि दुसऱ्याला चालत नाही, तेथे महाराष्ट्रातील बौद्धांचा शब्द जपानी बौद्ध माणसाला लावणे हा जवळिकीचा भाव असला तरी अचूक नव्हता. शेवटी ‘दिवंगत’ हा शब्द निवडला गेला. त्याचा धातुगत अर्थ ‘स्वर्गी गेलेला’ असाच असला तरी आजच्या मराठीत तो सर्व धर्मांच्या माणसांसाठी वापरला जातो आणि त्यातून श्रद्धेविषयी काही सुचवले जात नाही. ‘श्रद्धांजली’ऐवजी ‘आदरांजली’ घेतली गेली, आणि सद्गतीचे वाक्य वगळले गेले. फिटरकाकांना हे समजावून सांगितले तेव्हा त्यांनी मान्य केले, आणि आपला शब्द आपल्या मनात राहील, असे म्हणाले.

सद्गतीचे वाक्य गेल्यामुळे मराठी मजकूर रिकामा झाला, आणि मग प्रश्न उरला की त्या जागी काय लिहायचे. मार्गदर्शक, दूरदर्शी, आधारस्तंभ हे शब्द कोणत्याही संस्थापकाला लागू पडतात. बाईंनी कामगारांना विचारले की साहेबांचे कोणते एक काम तुम्हाला आठवते, आणि वेगवेगळ्या पाळ्यांतील तीन माणसांनी एकच प्रसंग सांगितला. संस्थापक पहिल्यांदा भोसरीत आले तेव्हा त्यांनी कार्यालयात न बसता प्रेसशॉपमध्ये उकिडवे बसून नुकताच कापलेला एक भाग हातात घेतला आणि त्याच्या कडेवरून अंगठा फिरवला. कडेला बर होता. बर म्हणजे पत्रा कापताना कडेला उठणारा धारदार काठ. तो हाताला लागतो, जोडणीत अडतो आणि भाग नापास करतो. भोसरीत तो कानस मारून काढत असत. संस्थापकांनी दुभाष्यामार्फत सांगितले की कानस मारू नका, बर का आला ते डायला विचारा.

या वाक्यातील कारागिरी कळल्याशिवाय ते पत्रात घालता येत नव्हते. वरचा पंच आणि खालची डाय यांच्यात जाणूनबुजून थोडी फट ठेवलेली असते, आणि साध्या पोलादी पत्र्यासाठी ती प्रत्येक बाजूला जाडीच्या साधारण पाच ते दहा टक्के धरतात. फट वाढली किंवा धार बोथट झाली की पत्रा स्वच्छ तुटण्याऐवजी ओढला जातो आणि ओढलेला काठ म्हणजे बर होय. कानस मारली की भाग सुधारतो, पण डाय तशीच राहते आणि पुढच्या हजार भागांना पुन्हा कानस लागते. डाय काढून धार लावली आणि फट तपासली की बर मुळातच थांबतो. त्या दिवसानंतर कारखान्यात बर वाढला की आधी डाय उतरवली जाऊ लागली. म्हणजे संस्थापकांनी दिलेली वस्तू त्यांच्या मृत्यूच्या दिवशीही प्रेसशॉपमध्ये वापरात होती, आणि ही गोष्ट त्यांच्या मुलाला जगात दुसरे कोणी सांगू शकत नव्हते. सांत्वनपत्राची कसोटी म्हणून बाईंनी त्या दिवशी एक प्रश्न ठरवला: हे वाक्य दुसऱ्या एखाद्या कंपनीच्या पत्रातही शोभले असते काय? ज्या वाक्याचे उत्तर होकारार्थी आले ते त्यांनी काढले, आणि अखेर निधनाचा उल्लेख, आदरांजली व सहवेदना ही तीन वाक्ये सोडली तर बाकीची सर्व या कसोटीतून गेलेली होती.

मराठी मजकूर असा ठरला:

“आपल्या कंपनीचे संस्थापक दिवंगत श्री. … सान यांच्या निधनाची वार्ता समजल्यापासून आमच्या प्रेसशॉपमध्ये त्यांचाच विषय निघतो आहे. यंत्रापाशी उकिडवे बसून, पत्र्याच्या कडेवरून अंगठा फिरवून ते आम्हाला म्हणाले होते की बर कानसेने काढू नका, तो का आला ते डायला विचारा. आम्ही आजही तसेच विचारतो. त्यांनी आम्हाला नावाने हाक मारली आणि आमच्या पंगतीला बसून आमचे जेवण जेवले. त्यांच्या स्मृतीस आम्ही आदरांजली वाहतो. आपल्या कुटुंबाच्या आणि सहकाऱ्यांच्या दुःखात भोसरीचे आम्ही सारे सहभागी आहोत.”

इंग्रजी मजकूर हे या मराठीचे भाषांतर असावे असे सुरुवातीला सर्वांनीच धरले होते, आणि एकदा तसा प्रयत्नही झाला. ‘डायला विचारा’ हे वाक्य इंग्रजीत शब्दशः उतरवल्यावर ते विचित्र वाटले, कारण मृत्यूच्या पत्रात ‘डाय’ हा इंग्रजी शब्द साच्यापेक्षा मरणाची आठवण आधी करून देतो. मराठी कामगाराच्या तोंडी तो शब्द केवळ अवजाराचे नाव आहे, इंग्रजी वाचणाऱ्याच्या डोळ्याला मात्र तो टोचला असता. इंग्रजीत म्हणून ‘टूल’ हा शब्द घेतला आणि प्रसंग एका वाक्यात आटोपशीर सांगितला: त्यांनी आमच्या कारागिरांना दोष झाकण्याऐवजी दोषाचे मूळ शोधायला शिकवले आणि ती शिकवण आमच्या प्रेसशॉपमध्ये रोज पाळली जाते. यातूनच दोन्ही भाषांची कामे वेगळी झाली. इंग्रजी मजकूर अध्यक्षांना समजायचा होता, त्यांच्याकडून जपानीत भाषांतरित होऊन कदाचित निरोपसभेत वाचला जायचा होता, म्हणून त्यात नाव, पद आणि नाते अचूक असणे आणि वाक्ये सरळ असणे आवश्यक होते. मराठी मजकूर ज्यांच्याकडून निघाला त्यांचा आवाज त्यांच्याच लिपीत पोहोचवणार होता. एक अट मात्र दोन्हींना समान होती: उद्या कोणी मराठी मजकुराचे भाषांतर करून घेतले तर त्यात इंग्रजीशी विसंगत असे एकही तथ्य निघू नये.

इंग्रजीतील सहवेदनेच्या नेहमीच्या सूत्रांची चाळणीही याच निकषावर झाली. ‘रेस्ट इन पीस’ आणि ‘थॉट्स अँड प्रेयर्स’ यांचा उगम ख्रिस्ती प्रार्थनेत आणि रिवाजात आहे, ते सद्गतीच्या वाक्यासारखेच बाजूला पडले. ‘सॉरी फॉर युअर लॉस’ हे बोलताना चांगले वाटते, पण कंपनीच्या प्रमुखाने सही करायच्या पत्रात ते अपुरे वाटले. सुरुवात ‘वी आर डीपली सॅडन्ड’ या साध्या शब्दांनी झाली आणि शेवट ‘विथ अवर सिन्सिअर कंडोलन्सेस’ या शब्दांनी झाला. पहिल्या मसुद्याच्या अखेरीस ‘वन्स अगेन’ म्हणून सहवेदना दुसऱ्यांदा व्यक्त केली होती. ती दुभाष्याच्या सांगण्यावरून काढली. जपानीत शोकाच्या प्रसंगी टाळायच्या शब्दांना ‘इमिकोतोबा’ म्हणतात, आणि ‘पुन्हा’, ‘वारंवार’, ‘एकामागून एक’ असे पुनरावृत्ती सुचवणारे शब्द त्यांत प्रमुख आहेत. इंग्रजीत लिहिणाऱ्या परदेशी माणसाला हा नियम लावला जात नाही, पण ते पत्र जपानीत उतरवणाऱ्याला तो शब्द अडतो आणि काय करावे असा पेच पडतो. पाठवणाऱ्याने तो शब्द आधीच काढला तर पेच उरत नाही.

सर्वांत कठीण चर्चा एका वाक्यावर झाली. वरिष्ठ व्यवस्थापनाला पत्रात असे लिहायचे होते की दोन्ही कंपन्यांमधील नव्या प्रकल्पाचे काम ठरल्याप्रमाणे पुढे जाईल याची खात्री बाळगावी. हेतू आश्वासनाचा होता. परंतु वाचणाऱ्याच्या जागी बसून पाहिले तर वडील गेल्याच्या आठवड्यात आलेल्या पत्रात प्रकल्पाचे नाव दिसणे म्हणजे शोकाच्या पाकिटातून व्यवहाराचा कागद निघणे होते, आणि आश्वासनाच्या उलट बाजूला शंका दिसते, ती म्हणजे संस्थापक गेल्यावर हे लोक काम चालू ठेवतील का, असे पाठवणाऱ्याच्या मनात आले असावे. प्रकल्पाचे वाक्य काढून ते दोन आठवड्यांनी स्वतंत्र व्यवहारपत्रात लिहावे, असे ठरले. याच न्यायाने नव्या नेतृत्वाला शुभेच्छा देणारे वाक्यही गेले, कारण चिरंजीव आधीपासूनच अध्यक्ष होते आणि त्यांना वडिलांच्या मृत्यूमुळे नवे काही मिळाले आहे असे सुचवणे क्रूर ठरले असते.

तथ्यांच्या तपासणीत तीन गोष्टी निघाल्या. सूचनेतील वय पत्रात घातले नाही, कारण जपानी निधनवार्तेत ते कधी कधी जुन्या गणनेने दिलेले असते. त्या गणनेत मूल जन्मताच एक वर्षाचे धरतात आणि प्रत्येक नववर्षाला एक वर्ष वाढवतात, त्यामुळे आपल्या हिशेबापेक्षा एक किंवा दोन वर्षे जास्त येतात. तारखेतील वर्ष रेइवा कालगणनेत होते. 2019 हे रेइवाचे पहिले वर्ष असल्याने रेइवा वर्षात 2018 मिळवले की इसवी सन मिळतो. आणि नावाचा उच्चार दुभाष्याकडून ऐकून मगच देवनागरीत लिहिला, कारण ओनो आणि ओओनो ही जपानीत वेगळ्या अर्थांची दोन आडनावे आहेत, पण रोमन लिपीत ती बहुतेकदा सारखीच दिसतात. वर्षानुवर्षे रोमन अक्षरांत वाचलेले नाव देवनागरीत उतरवताना आपण ते कधी नीट ऐकलेच नव्हते, हे अशा वेळी लक्षात येते.

शेवटची अडचण टंकाची होती. कार्यालयातील जुने मराठी नमुने युनिकोडपूर्व टंकांत होते, आणि तो टंक नसलेल्या संगणकावर असा मजकूर अर्थहीन चिन्हांत दिसतो. पत्र युनिकोडमध्ये नव्याने टंकित करून, टंक आतच साठवलेली पीडीएफ प्रत तयार केली आणि ती मराठी टंक नसलेल्या एका संगणकावर उघडून पाहिली. बिघाड ओळखण्याची खूण सोपी आहे: ऱ्हस्व इकाराची वेलांटी अक्षराच्या पुढे सरकलेली दिसते, रफार भलत्या अक्षरावर बसतो आणि ‘स्मृतीस’सारख्या शब्दातील जोडाक्षर फुटून हलन्त दिसते. जपानी वाचकाला हे दोष कळले नसते, हे खरे; पण ते पत्र ज्यांच्या नावे जात होते त्यांना आपला शोक मोडक्या अक्षरांत गेल्याचे कळले असते. कागदी प्रत प्रमुखांच्या सहीने, साध्या एकपदरी पांढऱ्या लिफाफ्यात कुरियरने रवाना झाली, आणि तिची एक प्रत प्रेसशॉपच्या फलकावर लागली.

उत्तर सात आठवडे उलटल्यावर आले. जपानी बौद्ध घरांत मृत्यूनंतरचा एकोणपन्नासावा दिवस महत्त्वाचा असतो आणि आभाराची पत्रे बहुधा तो विधी झाल्यावर निघतात. दहावा-तेरावा झाला की व्यवहाराला लागणाऱ्या मराठी कार्यालयाला हा काळ लांब वाटतो आणि उत्तर न आल्याने कोणी नाराज होऊ नये, म्हणून बाईंनी सर्वांना तसे आधीच सांगून ठेवले होते. एका कागदावरच्या त्या उत्तरात अध्यक्षांनी लिहिले होते की पत्र घरच्या देव्हाऱ्यापाशी ठेवले आहे, आणि त्यातील मराठी मजकुराचा अर्थ लावून मिळाल्यावर अंगठा फिरवण्याची वडिलांची सवय आईने लगेच ओळखली. ही सवय इंग्रजी मजकुरात नव्हती. ती मराठीतून पोहोचली.

सांत्वनाचे काम तेथेही संपत नाही. ज्या घरात वर्षभरात मृत्यू झाला असेल ते घर जपानी पद्धतीप्रमाणे नववर्षाची शुभेच्छापत्रे पाठवत नाही आणि डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत तशी सूचना सर्वांना कळवते; इतरांनीही त्या घरी ती पाठवू नयेत असा संकेत आहे. कंपनीच्या नावाने जाणाऱ्या शुभेच्छा सहसा चालतात, पण कुटुंबाच्या घरच्या पत्त्यावर जाणारे ‘हॅपी न्यू इयर’चे कार्ड चालत नाही. भोसरीच्या कार्यालयात ही कार्डे दरवर्षी जुन्या यादीवरून आपोआप निघत. म्हणून सांत्वनपत्राच्या फाइलवर बाईंनी शेवटची नोंद केली ती अशी: संस्थापकांच्या घरचा पत्ता या वर्षीच्या शुभेच्छापत्रांच्या यादीतून वगळावा. परदेशी भागीदाराला शोकसंदेश लिहिणाऱ्या प्रत्येकाने पत्र टपालात पडल्यावर ती यादी उघडून पाहावी.